जुन्या तांदळाची ऑर्डर

कॉलेजातून इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांचं करायचं काय, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. गोंदियातल्या ज्या राइस मिलमध्ये मी हिशेब बघते तिथे शिकवायला कोणाला वेळ नसतो. मुलं येतात, कोपऱ्यात बसतात, झेरॉक्स काढतात, सर्टिफिकेट घेऊन जातात. गेल्या वर्षी आमगावहून रोज गाडीने येणारी एक मुलगी मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, मले झेरॉक्स येते. ईआरपी शिकवा."

ईआरपी म्हणजे आमच्या भाषेत "सिस्टीम". विक्री, गोदाम, उत्पादन, खरेदी, हिशेब, सगळं एकाच प्रोग्रामात. एकाने नोंद केली की पुढच्याला ती दिसते आणि त्याने त्यावरून पुढचं काम करायचं. हे मी तिला सांगितलं. ती वहीत लिहायला लागली तेव्हा मी वही बंद करायला लावली. विक्रीच्या टेबलावर त्या सकाळी आलेली सगळ्यात लहान ऑर्डर उचलली आणि तिला दिली. म्हटलं, ही ऑर्डर जिथे जिथे जाईल तिथे तू जायचं. पैसे जमा होऊन ती बंद झाली की तू सिस्टीम शिकलीस.

लहान ऑर्डर दिली कारण ती लवकर संपेल आणि माझी सुटका होईल, असा माझा हिशेब होता.

ऑर्डर दवनीवाड्याच्या एका बाईची होती. ती लग्नाच्या स्वयंपाकाचे ठेके घेते. रविवारच्या लग्नासाठी तिला सव्वीस किलोचे पंधरा कट्टे हवे होते, बारीक तांदूळ, पण जुना. वर्षभर मुरलेला. नवा तांदूळ घरच्या कुकरमध्ये चालून जातो. मोठ्या गंजात शिजवला की त्याचा गोळा होतो, आणि गावात पंगतीला गोळा वाढला की त्या बाईला पुढच्या मोसमात कोणी बोलवत नाही. आमच्याकडे ती त्यासाठीच येते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माल पोचवायचा असं विक्रीवाल्याने कबूल केलं होतं. तो दिवस गुरुवार.

दुपारी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ऑर्डर पहिल्याच पायरीवर अडकली होती. आमच्याकडे नवा-जुना तांदूळ सिस्टीममध्ये एकाच नावाने आहे, फक्त लॉट वेगळे. जुना हवा असेल तर विक्रीवाला ऑर्डरमध्ये तो लॉट नेमून देतो. त्याने नेमला होता, आणि सिस्टीमने शिल्लक शून्य दाखवली होती.

मी म्हटलं, संपला असेल. विक्रीवाल्याला म्हटलं, बाईला फोन कर, दुसरीकडे बघायला सांग. अजून दोन दिवस आहेत. तो म्हणाला करतो. मी माझ्या कामाला लागले.

मुलगी गेली नाही. तिने तोवर लॉट उलटा काढला होता. आधी उत्पादन: त्या लॉटचं धान कोणत्या दिवशी भरडलं, त्यातून तांदूळ किती निघाला, कणी, कोंडा आणि तूस किती. त्याच्या मागे खरेदी: ते धान आमगावच्या बाजूने आलेलं, काट्याच्या पावत्यांसकट. तपासणीत ओलावा बरोबर. इथपर्यंत सगळं जुळत होतं. मग तिने तोच लॉट पुढे बघितला, कुठे कुठे गेला ते. स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, "मॅडम, हा जुना लॉट तर किराणावाल्यायनं नेला. थे लोक काऊन जुना घेतील? आमच्या घराजवळचाच दुकानदार हाय हा. त्याच्या दुकानात नवाच राह्यते, आम्ही तोच खातो."

मी यादी बघितली. सगळे स्वस्तातला नवा तांदूळ नेणारे. एकाच्याही ऑर्डरवर लॉट लिहिलेला नव्हता. लॉट लिहिला नाही की सिस्टीम स्वतःच निवडते, आणि सगळ्यात जुना आधी निवडते. औषधाला, बिस्किटाला ते बरोबर आहे. सिस्टीम बसवली तेव्हा नागपूरच्या माणसाने विचारलं होतं, जुना माल आधी काढायचा ना? सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. तांदळात जुना माल हाच महाग माल असतो, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पण मग जुना खरंच किराणावाल्यांकडे गेला, की नाही? हे गोदामवाल्यालाच माहीत. तो रजेवर होता, स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्याला. मी फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"कंप्यूटर जुनाच द्या म्हन्ते सगळ्यायले," तो म्हणाला. "म्या कायले देऊ? म्या नवा देऊन राहिलो तवापासून. जुना आहे ना तिथंच, भिंतीकडच्या थप्पीत."

"मग सांगितलं का नाही?"

"माल बरोबर जाऊन राहिला ना मॅडम. सांगायचं काय त्यात?"

त्याच्याशी वाद घालण्याची वेळ नव्हती, कारण त्याच क्षणी मला दुसरी गोष्ट सुचली आणि हातातला पेन तसाच टाकून मी उठले. जुना सिस्टीममध्ये शून्य आणि गोदामात आहे. म्हणजे नवा सिस्टीममध्ये भरपूर आणि गोदामात कमी. आणि सकाळपासून गोदामासमोर रायपूरचा ट्रक भरत होता. नव्या तांदळाचा. सिस्टीममधली शिल्लक बघून मीच त्याला होकार दिला होता.

गोदाम ऑफिसपासून लांब आहे, मध्ये धान वाळवायचं आवार. मुलगी माझ्या पुढे पळाली. मी पळत नाही, पण त्या दिवशी चपला हातात घ्यायच्या बाकी होत्या.

आत व्हायचं तेच चाललं होतं. नव्याची थप्पी तळाला आली होती. गोदामवाल्याच्या जागी बसवलेल्या पोऱ्याने डिस्पॅचवाल्याला विचारलं होतं, माल कमी पडून राहिला, काय करू? डिस्पॅचवाल्याने चिठ्ठीवरचं नाव बघितलं, भिंतीकडच्या थप्पीवरचं नाव बघितलं, दोन्ही एकच. म्हणाला, त्यातून भरा. हमालांनी जुन्या थप्पीचा वरचा थर काढला होता. काही कट्टे ट्रकवर चढले होते, काही वाटेत पाठीवर होते.

मुलगी थप्पीसमोर जाऊन उभी राहिली. एक हमाल पाठीवर कट्टा घेऊन तिच्याजवळ थांबला आणि म्हणाला, "सरक ना बाई, वजन तुह्या बापानं धरलं का?"

"ठेवा खाली," ती म्हणाली. "हा विकलेला माल हाय."

"आम्ही बी विकलेलाच भरून राहिलो."

मी पोचले, भरणं थांबवलं आणि काय झालंय ते सांगितलं. डिस्पॅचवाला चिडला. त्याचं म्हणणं सरळ होतं: रायपूरचा ट्रक जाऊ द्या, बाईचे पंधरा कट्टे बाजूला काढून ठेवा, सिस्टीममध्ये तिची चिठ्ठी नव्या लॉटवर फाडा आणि गाडीत जुना भरा. आजवर उलटं करत होतो, आता सुलटं करू. दहा मिनिटांचं काम.

मलाही तेच करावंसं वाटत होतं. पण नव्या लॉटची शिल्लक कागदावर अजूनही भरपूर होती, आणि त्या भरवशावर विक्रीवाला उद्या आणखी एक ट्रक कबूल करणार होता. तेव्हा तो कशातून भरणार? आणि ट्रकवर चढलेले कट्टे जुने की नवे, हे आत्ता कळलं नाही तर रायपूरला पोचल्यावर कोणालाच कळणार नव्हतं. मी म्हटलं, चढवलेले उतरवा, दोन्ही थप्प्या मोजा. कट्ट्याच्या शिलाईत लॉटची चिठ्ठी असते, ती बघून.

एवढ्यात मालकांचा फोन. त्यांना ट्रकवाल्याने कळवलं असावं. "गाडी खडी क्यों है?" मी सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं नाही, म्हणाले, पंधरा कट्ट्यांच्या पार्टीसाठी तीनशेची गाडी उभी ठेवता? मी म्हटलं, पंधरासाठी नाही, तुमचा जुना माल नव्याच्या भावात रायपूरला चालला आहे. मग ते म्हणाले, "गिनो."

मोजणी संध्याकाळपर्यंत चालली. हमाल बडबडत होते, ट्रकवाला दर थोड्या वेळाने येऊन घड्याळ दाखवत होता, मी चार वेळा चहा सांगितला आणि एकदाही प्यायले नाही. मुलगी एका पानावर दोन रकाने करून आकडे लिहीत होती. शेवटी सिस्टीमपेक्षा जुना जितका जास्त निघाला, नवा बरोबर तितकाच कमी निघाला. मी तो कागद दोनदा तपासला. एक जरी कट्टा इकडचा तिकडे असता तर चोरीचा विषय निघाला असता आणि साखरपुड्याच्या मांडवात बसलेल्या माणसावर आला असता. तसं काही नव्हतं.

मग सिस्टीममध्ये लॉट बदलाची नोंद केली: इतका माल नव्यातून जुन्यात. गोदामाच्या जागी डिस्पॅचवाल्याने, हिशेबाच्या जागी मी मंजुरी दिली. दोन्ही लॉटचं नाव एक आणि सरासरी भावही एकच, त्यामुळे हिशेबात एक पैसा हलला नाही. मुलीला हे पटेना. एवढी धावपळ झाली आणि अकाउंट्समध्ये काहीच दिसत नाही? मी म्हटलं, म्हणून तर इतके महिने मला दिसलं नाही.

रायपूरचा ट्रक होता तेवढा नवा माल घेऊन गेला. उरलेल्याची ऑर्डर उघडी राहिली आणि मालकांनी दुसऱ्या दिवशी रायपूरच्या व्यापाऱ्याचं बोलणं ऐकून घेतलं. विक्रीवाल्याने दवनीवाड्याच्या बाईला नकार कळवला होता की नाही हे मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, करणारच होतो. त्याचा आळस प्रथमच कामी आला.

शुक्रवारी ती ऑर्डर चालायला लागली. शिल्लक दिसली, पंधरा कट्टे राखून ठेवले गेले, तपासणीवाल्याने मूठभर तांदूळ पसरून तुकडा बघितला, डिलिव्हरीची चिठ्ठी निघाली. गाडीत कट्टे चढताना मुलीने प्रत्येक कट्ट्याची शिलाई बघितली. हमालाने तिला विचारलं, हुंडा मोजून राहिली का? ती शिलाई बघत राहिली. माल बाहेर पडल्याची नोंद झाली तशी गोदामातली शिल्लक घटली आणि त्याच वेळी हिशेबात मालाची किंमत खर्ची पडली. मग बिल. पंचवीस किलोच्या वरचा कट्टा, म्हणून जीएसटी नाही. बिलाबरोबर बाईच्या खात्यावर येणं उभं राहिलं. मुलगी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात होती आणि मला हाका मारत होती. मी दोनदा ओरडले. तिला फरक पडला नाही.

रविवारी मला घरी चैन पडेना. चिठ्ठ्या बरोबर होत्या, मोजणी बरोबर होती, पण गंजात काय झालं हे चिठ्ठीवरून कळत नाही. दुपारी बाईला फोन लावला.

"कोण?" मागे पंगतीचा गोंगाट. मी मिलचं नाव सांगितलं.

"ताई, पैसे मंगळवारी देईन ना, सांगितलं होतं."

"पैशासाठी नाही. भात कसा झाला?"

"मोकळा झाला. दाणा न् दाणा. आता ठेवा फोन, दुसरी पंगत बसून राहिली."

सोमवारी मी हे मुलीला सांगितलं. ती जुन्या तांदळाला सिस्टीममध्ये वेगळं नाव देण्याच्या कामात होती. नागपूरचा माणूस फोनवर सांगत होता आणि शेजारी गोदामवाला बसून साखरपुड्याचे पेढे वाटत होता. तिने मान हलवली, हात थांबवला नाही. मंगळवारी पैसे जमा झाले. ऑर्डरसमोर "बंद" असं आलं. तिने तिथूनच विचारलं, "मॅडम, रायपूरवाली अजून उघडीच दिसून राहिली. ती मी घेऊ का?"

मी म्हटलं, घे.