माल उतरवून घेण्याचे एकोणीस नियम

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी अकोल्यात एका वक्त्याने मला ‘औषध भांडाराला शिस्त लावणारा माणूस’ म्हटलं. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी गळ्यातला हार सारखा केला आणि आभार मानले. आता ऐकणारे फारसे उरलेले नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे. यातही माझी सोय आहेच.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कारकून होतो. वडील वकील, माझं इंग्रजी बरं, अक्षर त्याहून बरं. औषधांचं भांडार एका वयस्क कंपाउंडरकडे होतं. ते नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घरातले. सगळे त्यांना काकाजी म्हणत. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून लाकडी पेट्या रेल्वेने येत आणि काकाजी त्या स्टेशनावरून सोडवून आणत.

एकदा टिंक्चरच्या काही बाटल्या अर्ध्या भरलेल्या निघाल्या. गळती वाटेत झाली, व्यापाऱ्याकडे झाली की आपल्याकडे, हे काही ठरेना. नागपूरहून नव्याने आलेल्या डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. ‘‘माल कसा उतरवून घ्यायचा, कसा तपासायचा, सगळं लिहून काढा. सही कोणाची, जबाबदारी कोणाची, स्पष्ट पाहिजे.’’

मला हे काम फार आवडलं. माल मी आयुष्यात कधी उतरवून घेतला नव्हता, एवढीच अडचण होती. म्हणून एका सकाळी काकाजींबरोबर स्टेशनावर गेलो.

पार्सलबाबूने वही पुढे केली. काकाजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही. आधी बिल्टीवरचा, म्हणजे रेल्वेच्या पावतीवरचा, आकडा पाहून पेट्या मोजल्या. प्रत्येक पेटी थोडी कलती करून कान दिला. तळाखालून हात फिरवला आणि हात हुंगला.

‘‘काकाजी, पेटी विकत घेता का सून पसंत करता?’’ बाबू म्हणाला.

‘‘सून पसंत कराले इतका वखत नाई लावला, बाबू. हे पेटी ओली हाये. इथंच खोला, तुमच्यासमोर. काय फुटलं ते तुमी लिहा, मंग मी सही करतो.’’

‘‘सही आधी, खोलणं नंतर.’’

‘‘मंग ठेवा तुमच्यापाशीच. मी बसतो इथं.’’

ते खरंच बसले. पेटी खोलली गेली, तीन बाटल्या फुटलेल्या निघाल्या, बाबूने तसा शेरा लिहिला.

दवाखान्यात आल्यावर उजेडात, ओसरीवर, पेटीतल्या पेंढ्यातून एकेक बाटली निघाली. बुचावरची लाख, चिठ्ठीवरचं नाव, औषधाची ताकद, लसीच्या कुपीवर मुदतीची तारीख, आणि बाटली उन्हाकडे धरून आत गाळ आहे का तेही. पण या सगळ्याच्या आधी त्यांनी माझ्याकडे हात पसरला.

‘‘भाऊ, आपण काय मांगतलं होतं तो कागद द्या.’’

मागणीपत्राची नक्कल माझ्या कपाटात असे. दर वेळी ते ती मागत आणि दर वेळी मी वैतागत असे. ‘‘व्यापाऱ्याचं बीजक आलंय ना पेटीत? त्याच्याशीच लावून पाहा की.’’

‘‘बीजक त्याचंच, माल बी त्याचाच. ते दोघं एकमेकाईले खोटं कावून पाडतीन? आपला कागद पायजे.’’

मी हसलो. कागद दिला. आणि नियम लिहिताना तेवढंच गाळलं.

कारण साधं होतं. ते लिहिलं असतं तर दर पेटीच्या वेळी मला कपाट उघडून ओसरीवरच्या पेंढ्यात जाऊन उभं राहावं लागलं असतं. बाकी सगळं मी घेतलं. ओल्या तळाचा वास इंग्रजीत उतरवताना तर मला स्वतःचाच अभिमान वाटला. एकोणीस नियम झाले. अकरावा : माल बीजकाशी ताडून पाहावा. बारावा : ताडून सही करणारा जबाबदार राहील. डॉक्टरसाहेब खूश झाले. खाली नाव माझं होतं. काकाजींना मी नियम मराठीत वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, ‘‘हे तं मीच करून राहिलो होतो. फक्त आता एकोणीस झालं.’’

दोनेक महिन्यांनी कुनैन आलं. धारणीला आमचा छोटा दवाखाना होता, तिथे हिवतापाचा हंगाम सुरू होता. काकाजी एक डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

‘‘भाऊ, हे दोन ग्रेनच्या गोळ्या हायेत. आपण पाचच्या मांगतल्या होत्या ना? जरा कागद काढा.’’

मी डॉक्टरसाहेबांसाठी नियमांची साफ प्रत करत होतो. अकोल्याच्या दवाखान्याने ती मागवली होती.

‘‘बीजकावर काय लिहिलंय?’’

‘‘दोनच लिहेल हाये.’’

‘‘मग जुळलं. अकरावा नियम. सही करा, धारणीची मोटर थांबलीय.’’

त्यांनी डब्यावरची चिठ्ठी पुन्हा एकदा पाहिली. मग त्यांनी सही केली. गोळ्या पुड्यांत भरल्या. सोबतची चिठ्ठी मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिली : ‘कुनैन गोळ्या’. किती ग्रेनच्या, म्हणजे किती ताकदीच्या, ते लिहायचं नियमात नव्हतं.

धारणीला नेहमी पाच ग्रेनच्या गोळ्या जात आणि मोठ्या माणसाला एका वेळी दोन द्यायची रीत होती. दहा ग्रेनच्या जागी चार जात राहिले. दोन आठवड्यांनी तिथून पत्र आलं : ताप उतरत नाही, लांबून पायी येणारे लोक औषधावर विश्वास ठेवेनासे झाले आहेत. कोणी दगावलं का, हे पत्रात नव्हतं. मी विचारलं नाही.

चौकशी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत झाली. टेबलावर माझे नियम होते.

‘‘सही कोणाची?’’

‘‘माही हाये, साहेब.’’

‘‘गोळ्या दोन ग्रेनच्या आहेत, हे दिसलं नाही?’’

‘‘दिसलं होतं.’’

‘‘मग?’’

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. दार आधी कोणी ओलांडायचं यासाठी माणूस थांबतो, तसे ते थांबले. मी बारावा नियम वाचत होतो. तो मला पाठ होता.

शेवटी तेच म्हणाले, ‘‘पुढं काय कराचं ते नियमात नव्हतं, साहेब.’’

साहेबांना तो टोमणा वाटला. खरं तर त्या खोलीत त्या दिवशी बोललं गेलेलं ते सर्वांत अचूक वाक्य होतं. आठवड्याच्या आत काकाजींना काढून टाकलं. त्याच महिन्यात मी अकराव्या नियमात मागणीपत्र घातलं. सुधारणेबद्दल माझं कौतुक झालं आणि पुढे अकोल्याचं भांडार माझ्याकडे आलं.

सहा वर्षांनी मी नांदगाव खंडेश्वरला गेलो, मुद्दाम, माफी मागायला. काकाजी तुरीच्या काड्यांची मोळी बांधत होते. त्यांनी खाट टाकली, चहा सांगितला.

‘‘भाऊ, इकडं कसं काय येणं केलं?’’

‘‘कामानिमित्त चाललो होतो.’’

‘‘कुठं?’’

मला पुढच्या एका गावाचं नाव आठवेना. ते हसले आणि दुसरा विषय काढला. तूर, पाऊस, माझी मुलं. तासभर बोललो. उठताना त्यांनी विचारलं, ‘‘तो कागद टाकला का मंग नियमात?’’

‘‘टाकला.’’

‘‘बेस केलं,’’ ते म्हणाले आणि मोटरपर्यंत सोडायला आले. मोटर उशिरा आली. म्हणजे वेळही भरपूर होता. पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं.

बोलायचं होतं ते फार नव्हतं. काकाजी, तुम्ही डबा घेऊन माझ्याकडे आला होता. सही करा, असं मीच म्हणालो. त्या खोलीत तुम्ही माझ्या बोलण्याची वाट पाहिलीत आणि मी बोललो नाही. मला माफ करा.