आठची गोळी आणि पोस्टरमागचा तक्ता

१९९९ साली मी एक्कावन्न वर्षांचा होतो, आणि बायकोची किडनी माझ्या पोटात बसवून दहा महिने झाले होते. किडनी तिच्यासारखीच निघाली. कामाला वाघ, पण माझं ऐकेल तर शपथ.

शरीराने ती परकी म्हणून हाकलू नये यासाठी टॅक्रोलिमसची गोळी, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. रक्तात हे औषध किती, ती लेव्हल. किडनी कशी चालली ते सांगणारं क्रिएटिनिन. हे दोन आकडे बघून हैदराबादचे डॉक्टर गोळी कमीजास्त करायचे. नेरडीगोंड्याकडच्या आमच्या गावातून आदल्या दिवशी बसने जायचं, बायकोच्या चुलतभावाकडे राहायचं, सकाळी रक्त द्यायचं.

त्या खेपेला डॉक्टरांनी मागच्या आठवड्याच्या रक्ताची लेव्हल पाहिली. मधे दोनदा भलतीच जास्त आली म्हणून त्यांनी गोळी दोनदा कमी केली होती. आता एकदम ३.९, आणि क्रिएटिनिन १.२ वरून १.८. त्यांनी हिंदीत विचारलं, गोळ्या चुकवता का? मी उठून उभाच राहिलो. उभ्या जन्मात मी कोणाचं ऐकलं नसेल, पण आठ म्हणजे आठ. ते म्हणाले, तीन दिवसांत रक्ततपासणीच्या गेल्या पाच खेपांच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेवार एका कागदावर मांडून आणा. त्यातून उलगडा झाला नाही तर सुई घालून किडनीचा तुकडा काढून बघावा लागेल.

डॉक्टरला खोटं पाडायचं या एका हट्टाने मी बसलो. चिठ्ठ्या कुठे कुठे निघाल्या! दोन तिच्या ट्रंकेत, एक पंचांगात, एकीची घडी रेडिओच्या सेलमागे खोचलेली. माझी शाळा तिसरीपर्यंत, पण जिनिंग गिरणीतल्या कापसाच्या वजनाच्या पट्ट्या वाचून इंग्रजी आकडे पक्के. कापसाच्या बियाण्याचं पोस्टर उलटं करून रेघा मारल्या: तारीख, गोळीचं माप, लेव्हल, क्रिएटिनिन.

बायकोला अक्षर येत नाही. ती शेंगा फोडत ऐकत होती. मी एक तारीख वाचली तशी म्हणाली, "त्या दिवशी आपण शेतात कापूस वेचून राह्यलो होतो. रक्त कुठं देलं मंग?"

खरंच. क्रिएटिनिन त्याच दिवशी कळायचं, लेव्हलचा कागद चार दिवसांनी निघायचा. मी लेव्हल कागद निघाल्याच्या तारखेला लावत होतो. सगळं खोडलं, रक्त काढल्याच्या तारखेला मांडलं. चिठ्ठीवर रक्त काढल्याची वेळही होती. जागा उरली म्हणून तीही लिहिली.

मग दिसलं. सात वीस, लेव्हल ९.१. साडेसात, ८.७. नऊ चाळीस, १७.८. सव्वानऊ, १४.६. शेवटची सात पंचवीस, ३.९.

तिने शेंगा फोडणं थांबवलं. "नऊ वाजता रक्त देलं त्या दिवशी आठची गोळी कवा घेतली?"

"आठला. लायनीत उभा होतो."

"रक्त द्याच्या आंधी?"

"मंग काय! आठची गोळी हाये ते."

"अन् तो रक्तवाला पोट्टा म्हणत होता ना, आंधी रक्त, मंग गोळी?"

म्हणाला होता. पण गोळीची वेळ मला मोठ्या डॉक्टरांनी सांगितली होती. सुई टोचणाऱ्याचं मी काऊन ऐकू? लाइन छोटी असली की रक्त आठच्या आत जायचं आणि भानगड व्हायची नाही. लाइन लांबली की मी ऐटीत घड्याळ बघून गोळी गिळायचो, आणि ताज्या गोळीची लेव्हल डॉक्टरांपुढे जायची. ते बिचारे गोळी कमी करायचे. मी किडनीला उपाशी मारत होतो, तेही वेळेवर.

"माही किडनी हाये ते," बायको म्हणाली. "घड्याळाला नाही देली म्या."

मी आणखी एक रेघ मारली, वर लिहिलं: गोळी आधी की नंतर. दोन ठिकाणी 'आधी' लिहिताना पेन जड झाला.

डॉक्टरांनी पोस्टर टेबलावर पसरलं. त्या रेघेवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. ते हसले नाहीत, त्याचंच बरं वाटलं. म्हणाले, उद्या गोळीच्या आधी रक्त. त्यानंतर गोळी वाढवू. क्रिएटिनिन उतरलं तर ठीक, नाही तर सुई आहेच.

दुसऱ्या दिवशी लाइन दाराबाहेर होती. आठ वाजले. हात खिशातल्या गोळीकडे गेला. बायकोने बघितलं. मी घड्याळ काढून तिच्या हातात दिलं, आठ वीसला रक्त दिलं, आणि मग त्या रक्तवाल्या पोट्ट्याला विचारून गोळी घेतली.