विश्वेश्वर अण्णांनी पुसलेलं कुंकू

चामराजपेटेत विश्वेश्वर अण्णांच्या हातच्या लग्नपत्रिका एकेकाळी नावाजलेल्या होत्या. ब्रशनं काढलेला त्यांचा गणपती बघायला लोक दुकानात थांबत. आता ब्रश डब्यात पडून आहेत आणि अण्णा एका प्रेसमध्ये संगणकापुढे बसून चित्रं सांगतात. लोक घरचा फोटो पाठवतात, अण्णा तो एआयला देतात आणि चित्र कसं हवं ते लिहून कळवतात. त्या लिहिण्याला प्रेसमध्ये सगळे प्रॉम्प्ट म्हणतात. साठीत हे शिकताना त्यांच्या नाकी नऊ आले. पण शिकले, आणि आता तरुण पोरांपेक्षा बरं लिहितात. त्याचा त्यांना थोडा ताठाही आहे.

बेळ्ळंदूरच्या सुप्रीतानं दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी गौरीच्या दिवसाचा फोटो पाठवला. सजवलेल्या मखरापुढे चौघं उभी होती: सुप्रीता, नवरा श्रीहरी, लेक मनस्विनी आणि सासूबाई अनुसूयाबाई. बाजूच्या भिंतीवर चंदनाचा हार घातलेली सासऱ्यांची तसबीर होती. ते जाऊन दोन वर्षं होत आली होती.

अण्णांनी नेहमीसारखं बारकाईनं लिहिलं. माणसं चारच, डावीकडून अशी अशी. चेहरे, वयं, साड्यांचे रंग फोटोतलेच. मखर, केळीचे खांब, गौरींचे मुखवटे, दोन समया आहेत तिथेच. पुढे पणत्यांची ओळ घाल. जलरंगातलं चित्र, वर कोरी जागा. अक्षरं काढू नको. एआय अक्षरांची हमखास वाट लावतो, म्हणून मजकूर अण्णा मागाहून स्वतः बसवत.

चित्र छान उतरलं, पण अनुसूयाबाईंच्या कपाळावर कुंकू आलं होतं. अण्णांनी फोटो मोठा करून पाहिला. फ्लॅशनं कपाळ चकाकलेलं, धड काही दिसत नव्हतं. त्यांनी भिंतीवरची तसबीर पाहिली आणि ठरवून टाकलं. ‘याला काय कळतंय आपल्यातलं! साडी दिसली की लावलं कुंकू!’ असं पुटपुटत त्यांनी तेवढाच भाग निवडला आणि लिहिलं: या बाईचं कपाळ मोकळं ठेव, बाकी काही बदलू नको. कुंकू गेलं. एका घराची अब्रू राखली या समाधानात त्यांनी नमुना सुप्रीताला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास रिक्षातून एक बाई उतरल्या. अण्णांनी चेहरा लगेच ओळखला. कपाळावर कुंकू होतं.

“अण्णा, कार्ड तुम्हीच केलं ना?” अनुसूयाबाईंनी फोन पुढे धरला. “छान झालंय हो. पण माझं कुंकू कुठं गेलं?”

अण्णांनी फोनवरचं चित्र पाहिलं. “ते... एआयनं काढलं होतं, अक्का. मीच पुसलं. मला वाटलं, चुकून आलंय.”

“चुकून नव्हतं. त्या दिवशी मीच लावलं होतं.” बाई स्टुलावर बसल्या. “गेल्या वर्षी ह्यांना जाऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून गौरी बसल्या नाहीत. यंदा बसल्या, तर आमचे मल्हाररावभावजी म्हणाले, वहिनी, हळदीकुंकवाच्या वेळी तुम्ही आत बसा. चाळीस वर्षं गौरी मीच सजवल्या, अण्णा. खोलीत जाऊन रडले. मग आरशापुढे उभी राहिले, कुंकू लावलं आणि बाहेर येऊन गौरींपुढे उभी राहिले. तेव्हाचा हा फोटो. हे कार्ड भावजींकडेही जाणार आहे.”

अण्णांना आपलं घर आठवलं. त्यांची थोरली बहीण यल्लव्वा चौतिसाव्या वर्षी विधवा झाली. पुढं तिचं मोकळं कपाळ अण्णांनी आयुष्यभर पाहिलं, पण तुला काय हवं, असं तिला एकदाही विचारलं नाही. इथंही विचारलं नव्हतं. सुप्रीताला एक फोन केला असता तरी पुरला असता. यंत्रानं जे बरोबर काढलं ते त्यांनी शहाणपणा करून पुसलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

“चुकलं माझं, अक्का,” ते म्हणाले. “विचारायला हवं होतं.”

“सरी, बरं, आता विचारा की.”

अण्णांनी खुर्ची सरकवून त्यांना पडदा दिसेल अशी जागा केली. पुन्हा तेवढंच कपाळ निवडलं आणि एकेक शब्द बाईंना विचारत लिहिलं: या बाईच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, गोल लाल कुंकू, चेहरा तसाच ठेव. थोड्या वेळानं चित्र आलं. चेहरा त्यांचाच होता आणि कुंकू जागच्या जागी होतं.

अनुसूयाबाईंनी चष्मा पुसून बराच वेळ चित्राकडे पाहिलं. अण्णा बोट माऊसवर ठेवून थांबले होते.

“बरोबर आहे ना, अक्का? छापायला देऊ?”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “कुंकू स्वल्प मोठं करा.”