दोन फोनांत पकडलेला आवाज

मला छत्तिसावा आठवडा लागला होता आणि बाबांच्या ऑपरेशनला नऊ दिवस उरले होते. बाबांच्या स्वरयंत्रात कर्करोग निघाला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आणि मी इथे जर्मनीत, गार्चिंगमध्ये, मुटरशुट्झची बाळंतपणाची रजा घेऊन सोफ्यावर बसलेली. विमानाचं नाव काढताच माझ्या डॉक्टरबाईंनी अशी मान हलवली की मी पुन्हा विचारलंच नाही.

आवाज कुणाचाही गेला तरी वाईटच, पण बाबांचा म्हणजे तालुक्याच्या बसस्टँडचा आवाज होता. ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारायचे. शाळेत मुली मला माझ्या नावानं कमी आणि ‘फलाट क्रमांक दोन’ म्हणून जास्त हाक मारायच्या, आणि मी त्यांच्या वेण्या ओढायचे. आता ज्या आवाजावरून मी एवढी भांडणं केली, तो माझ्या बाळाला कधीच ऐकू येणार नव्हता. माझ्याकडे बाबांचं बोलणं म्हणून काय होतं? लग्नाच्या व्हिडिओत ‘जेवून जा हं’ एवढंच, तेही सनईच्या खाली दबलेलं.

मी ठरवलं, व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करायचा.

ते या दशकाच्या मधलं एक वर्ष होतं. माझ्या फोनवर रेकॉर्डचं बटणच नव्हतं, ना कॉलच्या अ‍ॅपमध्ये, ना फोनच्या सेटिंगमध्ये. सगळं उलथंपालथं करून पाहिलं. मी गाड्यांच्या ब्रेकची इंजिनियर. एक फोन मला नाही म्हणतो म्हणजे काय! शेवटी स्क्रीन रेकॉर्ड करणारं एक फुकटचं अ‍ॅप उतरवून घेतलं. ‘स्क्रीनवर दिसणारं सगळं टिपलं जाईल, चालेल?’ असं त्यानं विचारलं, मी हो म्हटलं आणि शनिवारी दुपारी बाबांना कॉल लावला. त्यांना सांगितलं मात्र नाही. कॅमेरा दिसला की बाबा पासपोर्टच्या फोटोसारखे ताठ होतात, आणि मला ते बोलतात तसे हवे होते.

वीस मिनिटं बोललो. म्हणजे मी बोलले. दहा मिनिटं झाल्यावर स्क्रीनच्या कोपऱ्यात काहीतरी लुकलुकलं, पण मी बोलण्याच्या भरात होते. फोन ठेवल्या ठेवल्या फाइल उघडली. बाबा दिसत होते, मागे आईची कपबशी दिसत होती, बाबांचे ओठ हलत होते, आणि आवाज नव्हता. जरासाही नव्हता. मी आवाज शेवटपर्यंत वाढवला, फोन कानाला लावला, मग सोफ्यावर आपटला. मुके बाबा! नऊ दिवसांनी जे होणार होतं ते माझ्या हातात आधीच आलं होतं. मी ढसाढसा रडले.

नवरा आतून धावत आला. तो जर्मन आहे, आणि रडणं कधी थांबवायचं नसतं हे त्याला कळतं. मी डोळे पुसल्यावर त्यानं माझा फोन घेतला. स्वयंपाकघरातून स्वतःच्या फोनवर कॉल लावला, तो घेऊन मी बेडरूममध्ये. असे तो दोन-दोन मिनिटांचे कॉल करून पाहत बसला. इयरफोन लावून, काढून, स्पीकरवर टाकून. प्रत्येक वेळी चित्र छान, आवाज शून्य.

“आल्झो, म्हणजे असं,” तो म्हणाला, “कॉल चालू असताना माइक त्या कॉलकडेच राहतो. तुझ्या अ‍ॅपला तो मिळत नाही. आणि बाबांचा जो आवाज येतो, तो फोन दुसऱ्या अ‍ॅपला देतच नाही.”

“मग माझ्या फोनचं चित्र आणि तुझ्या फोनचा आवाज,” मी म्हटलं. माझं डोकं चालायला लागलं होतं. “माझा स्पीकरवर टाकायचा. तुझा शेजारी ठेवायचा, साध्या आवाजाच्या रेकॉर्डिंगवर. नंतर लॅपटॉपवर जोडू.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” तो म्हणाला. “पण त्यांना विचारलंस का?”

“वडील आहेत माझे!”

“इथे न विचारता कुणाचं बोलणं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी... आवाज त्यांचा आहे.”

मला राग आला, आणि राग यायचं कारण एवढंच की त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी बाबांना सगळं कबूल केलं. चोरून रेकॉर्ड केलं तेही, ते मुकं निघालं तेही.

बाबा घोगऱ्या आवाजात हसले. “म्हणजे डॉक्टरांच्या आधी तूच मला मुका करून ठेवलास?”

आई पलीकडून म्हणाली, “अहो, काय बोलताय!” बाबा हसतच राहिले आणि मग खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, “कर रेकॉर्ड. पण नीट कर. अर्धवट काम आपल्या घरात चालत नाही.”

मग आमच्या तालमी सुरू झाल्या. नवऱ्याचा फोन टेबलावर ठेवला तर माझ्या फोनच्या स्पीकरची थरथर टेबलातून त्यात जायची, म्हणून त्याच्याखाली उशी आली. रेकॉर्डिंगच्या मध्येच कुणाचा फोन येऊ नये म्हणून तो फ्लाइट मोडवर. सगळ्यात वाईट बातमी शेवटी मिळाली. मी मध्ये बोलले की स्पीकरवरचा बाबांचा आवाज तुटायचा. दोघं एकदम बोललो की फोन घुमणारा आवाज काढून टाकायला जातो आणि समोरच्याचे शब्दही कापतो. शिवाय मी उशीच्या शेजारी आणि बाबा सातासमुद्रापार, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये माझाच आवाज मोठा. उपाय एकच. कॉलमध्ये मी स्वतःला म्यूट करायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

“किती वेळ?” मी विचारलं.

“ते बोलतील तितका वेळ,” नवरा म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी, कॉल लागला. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते, हातात कागद. आईनं फोन डब्यांच्या थप्पीला टेकवला. आधी ठरल्याप्रमाणे मी दोन्ही फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, “बाबा, तुमचा चेहरा आणि हात दिसू देत, आणि एक टाळी वाजवा. चित्र आणि आवाज त्या टाळीवरून जुळवायचेत.” बाबांनी अशी टाळी वाजवली की आई दचकली. मी म्यूट झाले.

बाबांनी कागद वाचायला घेतला. ‘प्रिय नातवंडास, अनेक आशीर्वाद.’ ताठ, एका सुरात, जणू तहसीलदारांसमोर. बाबा, असं नको, असं म्हणायला माझं तोंड उघडलं, आणि नवऱ्यानं माझ्या हातावर हात ठेवला. मी ओठ मिटून घेतले. कागद तीन मिनिटांत संपला.

बाबा गप्प बसले. एरवी या जागी मी चार प्रश्न फेकले असते, औषध घेतलं का, जेवलात का. मी काही बोलले नाही. बाबांनी कागदाची घडी केली, चष्मा काढला आणि समोर बघितलं. मग गळा साफ करून म्हणाले, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. गार्चिंगहून येणारी छोटी गाडी थोड्याच दिवसांत फलाट क्रमांक एकवर लागत आहे. गाडीला गर्दी करू नये. गाडीची आई तापट आहे.”

मी हसले. रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून तोंड दाबून, पोट धरून हसले. आणि बाबा सुटले. आपल्या वडिलांनी त्यांना पहिल्यांदा बसमध्ये कसं बसवलं, ते सांगितलं. एका लग्नाचं वऱ्हाड चुकीच्या गाडीत बसलं आणि त्यांनी माइकवरून नवरदेवाला खाली कसं उतरवलं, ते सांगितलं. मी शाळेतून रडत आल्यावर ते आईला काय म्हणाले होते, तेही सांगितलं, आणि ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. ‘पोरीला माझ्या आवाजाची लाज वाटते, पण चुकीच्या गाडीत बसलेल्यांना तो आवाजच खाली उतरवतो.’ आवाज मध्ये फाटायचा, ते पाणी प्यायचे, पुन्हा बोलायचे. मी एका शब्दानं त्यांना अडवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझ्या वडिलांना बोलणं पूर्ण करू दिलं, आणि त्याची मला लाजही वाटली आणि आनंदही झाला.

अठ्ठेचाळीस मिनिटं.

कॉल संपल्यावर नवऱ्यानं लॅपटॉप उघडला. फुकटचं अ‍ॅप दहाव्या मिनिटाला बंद पडलं होतं! फुकटात तेवढंच देतं, असं आता त्यात लिहिलेलं दिसलं. पहिल्या दिवशी कोपऱ्यात जे लुकलुकलं, तो हाच निरोप होता. आमच्या सगळ्या चाचण्या दोन मिनिटांच्या. दोघं इंजिनियर, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी शिव्या घातल्या, जर्मनमध्ये आणि मराठीत. पण आवाजाची फाइल पूर्ण होती. नवऱ्यानं त्यातली टाळीची टोकदार रेघ शोधली, चित्रात तळहात जिथे मिळतात तिथे ती आणून ठेवली आणि प्ले दाबलं. बाबांचे ओठ आणि बाबांचा आवाज एकत्र निघाले. आम्ही दोघं असे ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या आजींनी छताला काठी ठोकली. दहा मिनिटांचं चित्र, त्यापुढे काळी स्क्रीन आणि बाबा बोलतच आहेत. आमच्या लेखी ती जिंकलेली लढाई होती.

ऑपरेशन पार पडलं. बाबा वाचले. पंधरा दिवसांनी मला मुलगी झाली.

ती दीड महिन्याची असताना एका सकाळी ती रडून लाल झाली होती आणि तेवढ्यात आईबाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबांच्या गळ्याला मऊ कापड होतं, हातात पाटी. ते तिला बघून हात हलवत होते, चुटक्या वाजवत होते, पण तिचं रडणं काही थांबेना. मला काय वाटलं कोण जाणे, मी नवऱ्याच्या फोनवर ती फाइल, कागद संपतो तिथपासून, लावली आणि फोन पाळण्याजवळ धरला.

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं...’

ती थांबली. मान वळवून त्या आवाजाकडे डोळे मोठे करून बघत राहिली. मी दुसऱ्या फोनवर पाहिलं. बाबांनी पाटी खाली ठेवली होती, आणि स्वतःच्या आवाजाबरोबर ते ओठ हलवत तिला सगळं सांगत होते, एकही शब्द न चुकता.