दातांवरची संक्रांत

माझे वरचे दात पुढे होते. आईला आणि मला त्याचं फारसं काही वाटत नसे, पण आत्याला वाटे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून ती साताऱ्याहून आमच्याकडे बंगळूरला, राजाजीनगरच्या घरी राहायला आली होती आणि माझ्या भविष्याची जबाबदारी तिनं न मागता स्वतःकडे घेतली होती. "फोटो काढताना ओठ मिटून घे," ती सांगायची. पुढे फोटोपुरतं ओठ मिटून भागेना, तेव्हा तिनं वडिलांच्या मागे लागून माझी रवानगी दातांच्या कॉलेजात करवली.

तिथल्या डॉक्टरीणबाई परदेशात शिकून नुकत्याच परतल्या होत्या. साठीचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि दातांना तारा लावतात हे आमच्या ओळखीत कुणी ऐकलंही नव्हतं. बाईंनी माझ्या एकेका दाताभोवती स्टीलची पट्टी सिमेंटने बसवली. प्रत्येक पट्टीवर पुढच्या बाजूला तार धरून ठेवणारं बारीक खाचेचं ब्रॅकेट होतं आणि त्या सगळ्यांतून एक तार ओवलेली होती. आरशात मला माझं तोंड दिसेना, वडिलांच्या कारखान्यातला एखादा सुटा भाग दिसला. वडील सरकारी कारखान्यात विमानांच्या इंजिनांवर काम करत. त्यांना मात्र ते तोंड फार आवडलं. "जोडकाम स्वच्छ आहे," ते म्हणाले. मुलीचं त्यांनी आजवर केलेलं सर्वात मोठं कौतुक तेच.

बाईंनी नियम सांगितले. प्रत्येक खाण्यानंतर ब्रश करायचा. आधी हिरडीच्या कडेनं, मग ब्रश तिरका धरून तारेच्या वर आणि तारेच्या खाली. चिक्की, ऊस, चकली, सुकं खोबरं, गुळाचा खडा, टॉफी यातलं काही नाही. पेरू खायचाच तर पातळ फोडी करून मागच्या दातांनी. "कडक आणि चिकट, दोन्ही बंद," त्या म्हणाल्या.

आत्यानं हे नियम मन लावून ऐकले आणि आपल्या सोयीने लावले. चकली दुधात बुडवली की ती मऊ, म्हणून चालते. लाडू घरचा, म्हणून चालतो. आणि ब्रश दिवसातून इतक्यांदा केला तर दात झिजतील, म्हणून तो सकाळी एकदाच. दुपारी शाळेच्या नळावर मी दात घासायला उभी राहिले की मुली भोवती गोळा होऊन तारेच्या वर ब्रश नीट गेला की नाही ते सांगत. मार्गदर्शनाला मला कुठेच तोटा नव्हता.

काही महिन्यांनी पट्ट्यांच्या कडेला, हिरडीलगत, खडूसारखे पांढरे डाग दिसू लागले. घरात आनंद झाला. आत्यानं मला खिडकीशी नेऊन आईला बोलावलं. "बघ, उजळायला लागले. गुण येतोय डॉक्टरणीचा." उजळण्याचा वेग वाढावा म्हणून तिनं राखुंडी काढली आणि त्या कडांवर बोटानं रोज खसाखसा घासायला लावली. डाग होते तसेच राहिले. हिरड्यांतून रक्त मात्र यायला लागलं.

बाईंनी पुढच्या खेपेला ते पाहिलं आणि आरसा खाली ठेवला.

"हे पांढरं काय आहे ठाऊक आहे?"

"दात उजळताहेत," आत्या म्हणाली. ती मुद्दाम शाबासकी घ्यायला सोबत आली होती.

"दात किडायची ही पहिली पायरी आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "कडेला अन्नाचा थर राहतो. त्यात आम्ल तयार होतं, ते दातातला चुना ओढून घेतं. मग दात तिथे असा खडूसारखा दिसतो. आणि हे घासलंय कशानं?"

आत्यानं छताकडे पाहिलं.

"राखुंडीनं डाग जात नाही, वरचं कवच जातं. मऊ ब्रश, प्रत्येक खाण्यानंतर. मधल्या वेळी गोड बंद." त्यांनी कापसानं दात कोरडे केले आणि फ्लोराइडचं औषध लावलं. त्याची चव गंजलेल्या खिळ्यासारखी होती. "याने दात पुन्हा थोडे घट्ट होतील. डाग फिके पडतील. पूर्ण जातील असं मी म्हणणार नाही."

रिक्षात आत्या म्हणाली, "परदेशात शिकलं की माणसं फार बोलतात."

संक्रांतीला मात्र तिचा उत्साह परत आला. आमच्याकडे तिळाचे लाडू होतेच, शिवाय शेजारच्या कानडी अक्का ताट घेऊन आल्या: तीळ, गुळाचे खडे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे, सोबत उसाचं कांडं. माझ्या वर्ज्य पदार्थांची संपूर्ण यादी एका ताटात मांडून आणावी तशी. मी ओठ मागे घेऊन अक्कांना तारा दाखवल्या.

"सरी, सरी. मग स्वल्प घे," अक्का म्हणाल्या. म्हणजे बरं, बरं, मग थोडंसंच घे.

"सणाला नाही म्हणू नये," म्हणत आत्यानं माझ्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा आणि त्यावर गुळाचा खडा घातला. मी चावले. टक असा आवाज आला आणि उजव्या गालात काहीतरी रुतलं. मागच्या दाढेजवळ तार तुटली होती.

बाईंनी अशा वेळेसाठी सांगून ठेवलं होतं: कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, पेन्सिलीच्या मागच्या रबरानं तारेचं टोक हळूच दातालगत दाबायचं, दबलं नाही तर त्यावर दिलेल्या मेणाची गोळी चिकटवायची आणि लवकरात लवकर कॉलेजात यायचं. आईनं चूळ भरायला दिली. ती मेण शोधत होती तेवढ्यात वडील पक्कड घेऊन आले.

"मेण कशाला? तार आहे ती. तारेचं मला कळतं."

"त्यांनी हात लावू नका म्हटलंय," आई म्हणाली.

"ते सामान्य माणसाला."

मला खिडकीशी बसवलं. आत्यानं कंदिलासारखा टॉर्च धरला. वडिलांनी टोक पकडीत धरलं, पिळलं, वाकवलं, आणि समाधानानं मागे सरले. टोक आता गालात रुतत नव्हतं, हिरडीत रुतत होतं. शिवाय दाढेची पट्टी सिमेंट सुटून डुगडुगायला लागली होती. मी रडले. आईनं त्यांच्या हातातून पक्कड घेतली, स्वयंपाकघरात ठेवली आणि मेण लावलं. मी त्या दिवशी फक्त ताकभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी वडील रजा काढून मला घेऊन गेले. बाईंनी तोंडात पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मी इंजिनिअर आहे," वडील म्हणाले. त्यांना हे उत्तर पुरेसं वाटत असावं.

"कशाचे?"

"विमानांचे."

बाईंनी तुटलेला तुकडा चिमट्यानं बाहेर काढला. "तुकडा घशात गेला असता तर? आणि ही सैल पट्टी. हिच्या आत अन्न शिरलं की दाढ आतून किडते, बाहेर कळतही नाही. विमानं तुम्ही अशीच घरी दुरुस्त करता?"

"नाही," वडील म्हणाले. "तिथे परवानगी लागते."

"इथेही लागते."

त्यांनी पट्टी काढली, दाढ पुसून कोरडी केली, नव्या सिमेंटनं पट्टी बसवली आणि नवी तार ओवली. वडील हात मागे बांधून सगळं बारकाईनं पाहत होते. शेवटी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "तार कुठल्या जाडीची?" बाईंनी सांगितली. दोघांचं मग तारेच्या लवचिकपणावर बराच वेळ बोलणं झालं. मी आ वासून मध्ये होते, पण माझी आठवण दोघांनाही नव्हती.

त्यानंतर माझ्या ब्रशवर वडिलांची देखरेख सुरू झाली. जेवण झालं की ते उभे राहत आणि वरची कड, खालची कड, मागची दाढ असं तपासून घेत. मी वैतागले, पण नवे डाग आले नाहीत.

पट्ट्या निघाल्या तेव्हा दात एका ओळीत होते. पुढच्या दोन दातांवर हिरडीजवळ पुसट पांढऱ्या कडा उरल्या. बाई म्हणाल्या तशा त्या काही वर्षांत फिक्या झाल्या, गेल्या नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी दातांकडे पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, मुलीला शिवण येतं का. मला येत नव्हतं. आत्यानं त्याच आठवड्यात शिवणाचं मशीन मागवलं.