सही आडव्यावर होती

मी मंगळवार पेठेत वाढले. वडील शिक्षक, आई पोस्टात. मी ओतकामाच्या कारखान्यात जाणार म्हटल्यावर घरात कुणी भांडलं नाही, फक्त आईनं विचारलं, "तिथं बायका असतात का?" नव्हत्या. एमआयडीसीतल्या त्या फाउंड्रीत डिझाईनच्या टेबलावर मी एकटीच.

माझं काम समजायला सोपं आहे. गिऱ्हाईक लोखंडी भागाचं ड्रॉईंग पाठवतं. तो भाग वाळूच्या साच्यात कसा ओतायचा, हे मी ठरवायची. आधी त्याची लाकडी प्रतिकृती बनते, तिला आम्ही पॅटर्न म्हणतो. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न शंभराला एक या हिशेबानं मोठा ठेवायचा. वाळूत दाबून तो बाहेर काढला की पोकळी राहते. भागाच्या आत पोकळ जागा हवी असेल तिथं वाळूचाच घट्ट गाभा ठेवायचा, तो कोअर. मग वरून वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. यात साचा कुठल्या रेषेवर उघडायचा, वस्तू आडवी ओतायची की उभी, हा पहिला निर्णय. तो चुकला की पुढचं सगळं चुकतं.

पॅटर्न बनवायचे ते मामा. राधानगरीकडचे, पन्नाशी ओलांडलेले, रोज मोटारसायकलीवरून यायचे. सगळे त्यांना मामाच म्हणत. पहिले सहा महिने ते मला "म्याडम" म्हणाले. मग एकदा मी पॅटर्नचा उतार उलटा काढला, तेव्हा ओरडले, "अगं पोरी, ह्यो वाळूतनं निघल कसा?" त्या दिवसापासून पोरीच.

आणि आमचे मॅनेजर साहेब. त्यांना ओतकाम कळत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. कळायचं, चांगलं कळायचं. अडचण वेगळी होती. कागदावर त्यांना काही दिसायचंच नाही. ड्रॉईंग पुढं ठेवलं की फोनवर बोलता बोलता पानं उलटायचे, हिरव्या पेनानं सही करायचे आणि म्हणायचे, "बेस्ट. पुढं जा." वस्तू प्रत्यक्ष समोर उभी राहिली की मग त्यांचं डोकं चालू व्हायचं आणि बदल सुचायचे. तोवर आमचं काम संपलेलं असायचं. दोनदा-तीनदा असं झालं होतं, पण छोट्या कामांत. रात्रंदिवस खपून आम्ही निभावून नेलं आणि त्यांना वाटलं, निभतंच.

त्या पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचं गिअरबॉक्सच्या हाऊसिंगचं काम आलं. लांबट डबा, आतून आरपार पोकळ, एका टोकाला रुंद चकती. मी तो आडवा ओतायचं ठरवलं. आडवा ठेवला की कोअरला दोन्ही टोकांना टेकू मिळतो, तो हलत नाही. एकच तोटा होता. रसातली घाण वर तरंगते, ती चकतीच्या वरच्या अर्ध्या भागात अडकण्याची भीती. म्हणून तिथं मी सहा मिलिमीटर जास्त जाडी ठेवली, मशीनवर कातून निघून जाईल एवढी. हे सगळं मी साहेबांना समजावून सांगितलं. त्यांनी सही केली. मामांनी त्याच दिवशी, पॅटर्न संपल्यावरच्या चार दिवसांसाठी, रोपलावणीच्या रजेचा अर्ज दिला होता. त्यावरही हिरवी सही झाली.

मामांना पॅटर्नला तीन आठवडे लागले. दोन अर्धे भाग, मधोमध उघडणारे, मुरलेल्या सागवानाचे. पुट्टी भरून, घासून, रंग देऊन झाल्यावर मी हात फिरवला तर जोड कुठं आहे ते बोटाला कळत नव्हतं. कोअरसाठीची लाकडी पेटीही तयार होती. पुढच्या बुधवारी नमुना ओतायचा आणि गुरुवारी पुण्याचा इन्स्पेक्टर येणार, असं ठरलं.

आदल्या गुरुवारी दुपारी साहेब पॅटर्न शॉपमध्ये आले. पॅटर्नभोवती दोन फेऱ्या मारल्या. चकतीवर टिचकी मारली.

"ही खाली नको का? घाण खाली येत नाही. उभा ओता."

मला आधी वाटलं, विचारताहेत. मी म्हणाले, "सर, त्याचं आपलं बोलणं झालंय. म्हणून तर सहा मिलिमीटर जास्त दिलंय."

"सहा मिलिमीटर काततोय कोण बसून? मालकांनी पाहिलं तर मला विचारतील. उभा करा, चकती तळाला."

मामा म्हणाले, "साहेब, उभा म्हंजे सगळाच नवा की ओ. उतार बदलतोय, कोअरची पेटी बदलतीय, बाजूचे उठाव अडकत्यात. ह्यातलं काय बी चालत न्हाय."

"पाच दिवस आहेत ना हातात? रविवार धरून सहा."

"एवढं मुरलेलं लाकूड न्हाय शिल्लक."

साहेबांनी पॅटर्नकडं बोट दाखवलं. "हे काय आहे? हाच कापा."

मामांनी पॅटर्नवर हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "ठेवून देऊया की. उद्या लागला तर?"

"लागणार नाही."

मी नवीन आराखडा काढून संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये नेला. ते निघायच्या गडबडीत होते. "सांगितलंय ना तोंडी, सही नंतर करतो," म्हणाले. जाता जाता मामांच्या रजेचं निघालं. "आत्ता कुठली रजा? नमुना झाल्यावर बघू." ते मला मामांना सांगावं लागलं. मामांनी खिशातून फोन काढला, भावाला लावला आणि एवढंच बोलले, "मी न्हाय येत. तुमी लावा जमंल तेवढं."

शुक्रवारी सकाळी त्यांनी पॅटर्न करवतीवर घेतला. मला म्हणाले, "तू जा आत, पोरी." मी गेले नाही. रंगाचा पापुद्रा उडाला, खालचं पिवळं लाकूड दिसायला लागलं. अर्ध्या तासात तीन आठवड्यांचं काम फळ्या होऊन पडलं.

पुढचे पाच दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. उभ्या साच्यात कोअर तळाशी नीट बसतो, पण त्याचं वरचं टोक साच्याच्या वरच्या पेटीतल्या खोबणीत जावं लागतं. वरची पेटी झाकताना आतलं काही दिसत नाही. टोक नीट बसलं, की पेटीचा धक्का लागून कोअर कलला, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून आधी दोन-तीन साचे नुसते झाकून, उघडून बघतात, खोबणी थोडी कमी-जास्त करतात. आम्हाला एकदाच बघायला वेळ मिळाला. त्या वेळी नीट बसला. सोमवारी मामांच्या भावाचा फोन आला. माणसं मिळाली नव्हती, रोपं वाफ्यातच जून होत चालली होती. मामांनी फोन ठेवला आणि पॉलिश पेपर हातात घेतला.

बुधवारी रस ओतला. गुरुवारी सकाळी वाळू झाडून हाऊसिंग बाहेर काढलं. बाहेरून देखणं. चकतीला एक डाग नाही. इन्स्पेक्टर, मालक, साहेब, मी आणि मामा, सगळे करवतीच्या मशीनभोवती उभे. नमुना मधोमध कापला.

भिंत सगळीकडं आठ मिलिमीटर हवी होती. इन्स्पेक्टरनं मोजली. एका बाजूला अकरा, समोरच्या बाजूला पाच. कोअर कलला होता.

त्यानं ड्रॉईंग मागितलं. फाइल माझ्या हातात होती. त्यानं पहिलंच पान उघडलं. "यात तर आडवं दाखवलंय. सहीपण आहे. मग उभं का ओतलं?"

मालकांनी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी फाइल घेतली, आपली सही नीट निरखली आणि मला म्हणाले, "खरंच की. मी आडव्याला मंजुरी दिली होती. उभं कुणी केलं?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते चिडलेले नव्हते. चेहऱ्यावर प्रश्न होता, अगदी खराखुरा. आजही मला सांगता येत नाही की ते जाणूनबुजून बोलले की त्या क्षणी त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

"तुम्हीच..." मी सुरुवात केली.

"कुठं लिहिलंय?" त्यांनी फाइल माझ्या हातात दिली.

उभ्याचा आराखडा त्याच फाइलमध्ये होता. खाली सहीची जागा कोरी.

मामा म्हणाले, "साहेब, तुमीच सांगितलासा की. कापा म्हणालासा. हितंच हुभं होता."

"मी सुचवलं असेल," साहेब म्हणाले. "मंजूर पॅटर्न कापायला लेखी ऑर्डर लागते, एवढं तुम्हाला माहीत नाही? इतकी वर्षं काम करता?"

मालक मामांकडं वळले. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी फाइलची दोरी बांधत बसले.

चार दिवसांनी मामांना पत्र मिळालं. लेखी आदेशाशिवाय मंजूर पॅटर्न नष्ट केल्याबद्दल खुलासा द्यावा. ऑफिसनं माझ्याकडूनही निवेदन मागितलं. मी तीन वेळा लिहिलं. पहिल्या कागदावर सगळं होतं, साहेबांचे शब्दसुद्धा. तो मी फाडला. शेवटी दिला त्यात होतं, 'चर्चेच्या वेळी मी हजर होते. नेमके शब्द आठवत नाहीत.' माझी त्या वर्षी बढतीची बोलणी चालू होती. ती नसती तर मी खरं लिहिलं असतं का, याचं उत्तर मी स्वतःला कधी प्रामाणिकपणे दिलेलं नाही.

मामांनी खुलासा लिहिला नाही. एका शनिवारी येऊन त्यांनी पटाशा, रंधे, मोजपट्ट्या पोत्यात भरल्या. मी दारात उभी होते. त्यांनी मला काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "कोअरच्या पेटीचं डावं फळकूट जरा फुगलंय. नव्या मिस्त्रीला सांग." आणि गेले.

पुण्याच्या कंपनीनं आणखी एक संधी दिली. साहेबांनी मीटिंग घेतली, फळ्यावर डबा काढला आणि म्हणाले, "आपण आडवं ओतू. कोअरला दोन्हीकडं टेकू मिळेल." माझाच आराखडा, माझे सहा मिलिमीटर. पॅटर्न बाहेरच्या दुकानातून करून आणला. नमुना पहिल्याच वेळी पास झाला. मालकांनी पेढे वाटले. मला त्या दिवाळीनंतर बढती मिळाली.

ऑक्टोबरात मी मामांना फोन केला. पाठीमागं म्हशीचं हंबरणं ऐकू येत होतं. भात कसं आहे विचारलं. म्हणाले, "हाय आपलं. उशिरा लावलं, फुटवा न्हाय." मग त्यांनी विचारलं, "त्यो डबा कसा ओतलासा शेवटी?"

"आडवा, मामा."

"हं," ते म्हणाले. "झाला न्हवं?"

"झाला."

"बरं झालं. ठेवू मग? धार काढायची हाय."

माफी मागायची म्हणून मी फोन केला होता. तो ठेवला गेला तेव्हा मी त्यावर फक्त "बरं" म्हटलं होतं.