धापेचा कागद

महाराजांच्या राज्यात डॉक्टरचा हाताखालचा माणूस व्हायला पाठांतर लागे, आणि पाठांतरात मी राजा होतो! संस्थानच्या इस्पितळात मी आणि माझा एक दोस्त शिकत होतो, एकाच खोलीत राहत होतो. राधानगरीकडच्या दवाखान्यात जागा मात्र एकच. परीक्षेत जो पुढे, त्याची ती.

परीक्षा धापेवर येणार, अशी कुणकुण लागली. आम्ही उजळणीचा कागद वाटून घेतला. घसा आणि फुप्फुसं माझी : घशात अडथळा असला तर श्वास आत घेताना आवाज, दमा असला तर सोडताना शिट्टी, छातीत पाणी असलं तर बोटांनी ठोकल्यावर दगडासारखा ठोस नाद. हृदय, मूत्रपिंड आणि रक्त त्याचं. माझा भाग मी इमानेइतबारे दिला. त्याचा भाग त्याने सुबक अक्षरात लिहून दिला, वर म्हणाला, "डोळे झाकून पाठ कर, मर्दा!"

केला. डोळे झाकूनच केला.

परीक्षेला समोर खाटेवर एक म्हातारी. पाठीशी तीन उशा, पाय घोट्याजवळ सुजलेले, बोट दाबलं की खळगा राहत होता.

"सूज कधी येते, आक्का?"

"दिवस कलला की चढतीया. आन् आडवं पडलं की जीव गुदमरतोय बघा, बसलं की बरं."

दम्याचा माणूसही उठून बसतोच, म्हणून ते मी कानाआड केलं. कागद आठवला : पायांवर, संध्याकाळी, मूत्रपिंड. मी नाटकातल्या राजासारखी छाती काढून तसं जाहीर केलं.

परीक्षा घेणारे डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "मग लघवी उकळून दाखवा."

काचेची नळी दिव्यावर धरली, आम्लाचे थेंब टाकले. मूत्रपिंड बिघडलं असतं तर ती नासक्या दुधासारखी गढूळ व्हायला हवी होती. ती झऱ्यासारखी नितळ!

म्हातारी म्हणाली, "न्हाय नासलं की, पावणं!"

सगळे हसले. मीसुद्धा हसलो, काय करणार? दुखणं हृदयाचं होतं; आडवं पडल्यावर गुदमरणं ही त्याचीच खूण.

खोलीवर येऊन कागद खिडकीशी उजेडात धरला. 'पाय, संध्याकाळी' आणि 'चेहरा, सकाळी' एवढ्याच शब्दांखाली कागद पातळ झाला होता. हृदयाची सूज पायांवर संध्याकाळी, मूत्रपिंडाची चेहऱ्यावर सकाळी, असं आधी बरोबर लिहिलेलं चाकूने खरवडून त्याने अदलाबदल केली होती. चूक असती तर मी माफ केली असती, पण चुकीला चाकू लागत नाही.

जागा मिळाल्याचे पेढे घेऊन तो आला. मी कागद पुढे केला. त्याने एकदा पाहिलं आणि पेढ्यांचा पुडा माझ्या खाटेवर ठेवला.

"म्हातारी तोंडानं सांगत हुती की तुला," तो म्हणाला. "तू माझा कागद कशाला ऐकत बसलास?"

मी पुडा सोडला आणि पेढे सगळे खाल्ले.